लागलेलं दही थांबवायचं कसं?

वेळापुरात दही लावणं ही काही कला मानायचं कारण नाही. एप्रिल-मेमध्ये सोलापूर जिल्ह्यातला पारा चाळिशी ओलांडतो आणि माळशिरस तालुकाही त्याला अपवाद नसतो. अशा दिवसांत कोमट दुधात कालचं चमचाभर दही पडलं की तीन-चार तासांत दही तयार होतं, मग लावणारा हात सुगरणीचा असो की नवशिक्याचा. अडचण पुढे सुरू होते. सकाळी दहाला गोडसर आणि घट्ट असलेलं दही दुपारी एकला आंबट होतं, तीनपर्यंत त्याला पाणी सुटतं. एसटीतून उतरलेल्या गिऱ्हाइकाला लस्सी हवी असते ती नेमकी त्याच वेळी. दूध, दही, ताक, लस्सी विकणाऱ्या छोट्या उपाहारगृहाचं गणित म्हणूनच दही लावण्यापेक्षा लागलेलं दही वेळेवर थांबवण्यावर जास्त अवलंबून असतं.

गाव या धंद्याला सोयीचं आहे. अर्धनारीनटेश्वराच्या यादवकालीन मंदिरासाठी ओळखलं जाणारं वेळापूर आळंदी-पंढरपूर पालखी मार्गावर माळशिरसच्या पुढे लागतं. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दरवर्षी आषाढात इथे मुक्कामाला असते. आजूबाजूला उसाचा हिरवा चारा आणि गोठे आहेत. दुधाची वाण नाही, पण ते दोन जातींचं आहे, आणि दह्याचा पहिला निर्णय तिथेच घ्यावा लागतो.

गोठ्यांतून येणारं बरंचसं दूध संकरित होल्स्टीन गाईंचं असतं, म्हणजे साडेतीन फॅटच्या आसपासचं. दुसरं दूध म्हशीचं. पंढरपुरी म्हैस ही याच टापूतली मान्यताप्राप्त जात, तलवारीसारख्या लांब मागे वळलेल्या शिंगांची आणि उन्हाला काटक. तिच्या दुधाचं फॅट सातच्या आसपास लागतं. पण दह्याचा घट्टपणा नुसत्या फॅटवर ठरत नाही. त्याला दुधातली प्रथिनं, मुख्यतः केसीन, धरून ठेवतात आणि म्हशीच्या दुधात तीही जास्त असतात. म्हणून म्हशीच्या दह्याची कवडी चमच्यावर उभी राहते आणि गाईचं दही चमच्यावरून ओघळतं. गाईचंच दूध वापरायचं असेल तर त्यात शंभर लिटरला दोन-तीन किलो या हिशेबाने स्किम्ड दूध पावडर मिसळतात किंवा दूध आटवतात. ताटातल्या वाटीसाठी म्हशीचं आणि ताकासाठी गाईचं दूध अशी विभागणी केली तर दोन्हींचा योग्य उपयोग होतो.

आता दूध दही होतं म्हणजे नेमकं काय होतं ते पाहू, कारण पुढची सगळी कसरत त्यावर बेतलेली आहे. दुधात केसीनचे अतिसूक्ष्म गोळे तरंगत असतात. त्यांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना चिकटत नाहीत. विरजणातले जिवाणू दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, खाऊन लॅक्टिक आम्ल तयार करतात. ताज्या दुधाचा सामू, म्हणजे पीएच, ६.६ ते ६.७ असतो. तो ४.६ च्या आसपास आला की गोळ्यांचा भार संपतो, ते एकमेकांना धरतात आणि त्यांचं जाळं तयार होऊन दुधातलं पाणी व चरबी त्यात अडकते. हेच दही. सामू याच्याही खाली उतरत गेला की जाळं आवळतं आणि अडकलेलं पाणी पिळून बाहेर येतं. भांड्याच्या कडेला दिसणारं पिवळसर-हिरवट पाणी ते हेच. ते दिसलं म्हणजे दह्याची योग्य वेळ निघून गेली, असं समजायला हरकत नाही. भांडं हलल्याने किंवा चमचा घातल्यानेही पाणी सुटतं, पण ते थोडं असतं आणि त्याला आंबट वास नसतो.

दूध नुसतं उकळी येईपर्यंत तापवून चालत नाही, यामागचं कारणही या जाळ्यातच आहे. दुधात केसीनखेरीज निवळीतली, म्हणजे व्हे, प्रथिनंही असतात. दूध नव्वद अंशांच्या आसपास पाच-दहा मिनिटं राहिलं की ही प्रथिनं उलगडतात आणि केसीनच्या गोळ्यांना चिकटतात. मग तयार होणारं जाळं दाट होतं व पाणी चांगलं धरतं. उतू येताच पातेलं उतरवणाऱ्याचं दही पातळ होतं. मंद आचेवर ढवळत दहा मिनिटं ठेवणाऱ्याचं दही त्याच दुधाचं असूनही घट्ट लागतं. शिवाय या वेळेत वाफेने थोडं पाणी उडतं आणि दुधातले नको असलेले बहुतेक जिवाणू मरून विरजणासाठी रान मोकळं होतं.

विरजण हा खरं तर जिवाणूंचा एक संमिश्र कळप असतो. त्यातले काही तीस अंशांच्या आसपास खुशीत असतात. लॅक्टोकॉकस गटातले हे जिवाणू हळू काम करतात आणि त्यांच्यातले काही दह्याला लोण्यासारखा वासही देतात. दुसरा गट उष्णता मानवणारा, चाळीस ते पंचेचाळीस अंशांना झपाट्याने आंबवणारा. यात स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गारिकस मोडतात. बल्गारिकसच्या नावात बल्गेरिया आहे, कारण स्तामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने १९०५ मध्ये जिनिव्हात आपल्या देशातल्या दह्यात तो शोधला. तर असे हे दोन गट एकाच विरजणात असतात आणि दोघांतला कोण वरचढ होणार हे तापमानावर ठरतं. पुण्याच्या थंडीत सौम्य असलेलं विरजण वेळापुरात आणून मे महिनाभर रोज उन्हाळी तापमानाला लावत गेलं की काही दिवसांत त्याचा स्वभाव बदलतो. उष्णतेचे गडी वाढतात, दही लवकर लागतं, पण आंबटही लवकर होतं. ‘विरजण बिघडलं’ अशी तक्रार उन्हाळ्यात होते ती अनेकदा हीच असते. विरजण बिघडलेलं नसतं, त्यातली मंडळी बदललेली असते.

म्हणून जाणता दुकानदार विक्रीच्या पातेल्यातलं उरलंसुरलं दही दुसऱ्या दिवशी विरजणाला वापरत नाही. ते दिवसभर उघडलेलं असतं, त्यात वाढायचा डाव दहा वेळा बुडालेला असतो आणि तळाशी ते सगळ्यात आंबट असतं. विरजणाची वेगळी झाकणाची वाटी ठेवावी, दूध लावताना तिच्यातही थोडं लावावं आणि लागताच ती आधी फ्रीजमध्ये जावी. वरची साय बाजूला सारून मधलं दही कोरड्या, धुतलेल्या चमच्याने घ्यावं. चार-पाच अंशांना असं विरजण तीन-चार दिवस चांगलं काम देतं. फार जुनं झालं की त्याची ताकद कमी होते आणि चव कडवट येते, कारण काही जिवाणू प्रथिनंही फोडत राहतात. बाजारात मोठ्या डेअऱ्यांसाठी सुकवलेल्या शुद्ध कल्चरची पाकिटं मिळतात, कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेतही डेअरी जिवाणूंचा राष्ट्रीय संग्रह आहे. मात्र पाकिटातलं कल्चर साठवायला फ्रीझरचा कडक गारठा लागतो. रोज वीस-पंचवीस लिटर दूध लावणाऱ्याला वेगळी वाटी सांभाळणं परवडतं, आणि तिच्यात अनेक प्रकारचे जिवाणू असल्याने एखाद्या प्रकाराला काही झालं तरी दही लागायचं थांबत नाही.

आता एक प्रत्यक्ष हिशेब करून पाहू. समजा, मे महिन्यात वेळापूरच्या एखाद्या छोट्या दुकानात वीस लिटर म्हशीचं दूध आहे, फॅट साडेसहा. ते आटवून अठरा लिटरपर्यंत आलं. नव्वद अंशांच्या पातेल्याला बेचाळीसवर आणायचंय. नुसतं ओट्यावर ठेवलं तर एवढ्या दुधाला दोन-तीन तास सहज लागतात, आणि साठ ते चाळीस अंशांच्या दरम्यान ते जितका वेळ रेंगाळेल तितकं उष्णता सोसणारे, उकळीतूनही वाचलेले बीजाणू जागे व्हायला वाव मिळतो. म्हणून पातेलं पाण्याच्या टबात ठेवून, पाणी एकदा-दोनदा बदलून, स्वच्छ डावाने ढवळत अर्ध्या-पाऊण तासात थंड करतात. उन्हाळ्यात टाकीचं पाणीच तीस अंशांपलीकडे असतं, हे लक्षात ठेवावं लागतं. ढवळताना साय बाजूला काढून ठेवली तर लस्सीवर घालायला उपयोगी पडते.

विरजण किती घालायचं, हा प्रश्न ऋतूवर ठरतो. उन्हाळ्यात शंभर लिटर दुधाला एक किलो पुरतं, म्हणजे या अठरा लिटरला दोनशे ग्रॅमच्या आत. हिवाळ्यात त्याच्या दुप्पट-अडीचपट. विरजण एका वाडग्यात आधी पातळ होईपर्यंत फेटायचं, त्यात थोडं कोमट दूध ओतून मिसळायचं आणि मग सगळ्या दुधात सोडायचं. गोळे राहिले तर दह्यात आंबट ठिपके आणि पातळ भाग अशी चित्तरकथा होते. तापमान बोटाने तपासून चालत नाही असं नाही, पण बोट दिवसभर गरम भांडी हाताळून बधिर झालेलं असतं. बेचाळीस आणि अठ्ठेचाळीस यांतला फरक त्याला कळत नाही, आणि अठ्ठेचाळीसला विरजणातले तीसवाले जिवाणू मरगळतात. काही शे रुपयांचा थर्मामीटर या बाबतीत बोटापेक्षा कितीतरी भरवशाचा आहे.

मिसळलेलं दूध एका मोठ्या पातेल्यात न ठेवता तीन-चार लिटरच्या लहान पातेल्यांत किंवा मातीच्या गाडग्यांत ओततात. गाडगं थोडं पाणी शोषतं, दही घट्ट होतं, आणि बाहेरून पाणी झिरपल्याने गारही राहतं. मात्र एकदा वापरलेलं गाडगं पूर्ण धुता येत नाही. जुन्या दह्याचा अंश त्याच्या भोकांत राहतो आणि पुढचं दही त्याच्या मर्जीने लागतं. विक्रीच्या कामाला स्टीलच बरं, किंवा गाडगं एकदाच वापरायचं.

बेचाळीस अंशांना हे दही साडेतीन ते चार तासांत लागतं. ते कधी काढायचं, हाच धंद्यातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण. पातेलं अगदी हळू तिरपं करायचं. दुधासारखा पृष्ठभाग हलला तर अजून वेळ आहे. पृष्ठभाग एकाच तुकड्यात सरकला आणि कडेपासून स्वच्छ सुटला, तर दही तयार आहे. चमच्याच्या टोकाने चव घेतली की किंचित आंबट, पण अजून गोडसर लागली पाहिजे. पूर्ण आंबट होईपर्यंत थांबलं, तर फ्रीजमध्ये गेल्यावर ते आणखी आंबट होईल, कारण थंड होईपर्यंत जिवाणू काम सोडत नाहीत. घरी हवं तितकं आंबट होईपर्यंत थांबून मग फ्रीजमध्ये ठेवतात. दुकानदाराने हवं त्याच्या जरा आधीच हात घातला पाहिजे.

पण दही फ्रीजमध्ये ठेवल्यावर किती वेळात गार होतं? अठरा किलो दही बेचाळीसवरून पाचवर आणायचं, तर सदतीस अंश उतरवायचे. त्यासाठी सुमारे २,६०० किलोज्यूल उष्णता बाहेर काढावी लागते, म्हणजे जवळपास पाऊण युनिट विजेइतकी. घरगुती आकाराचा फ्रीज उन्हाळ्यात, दार सारखं उघडत असताना, सरासरी शंभर वॉटच्या आसपासच उष्णता उपसतो असं धरलं तर हे काम सात तासांचं होतं. त्यातले पहिले दोन-अडीच तास दही तीस अंशांच्या वरच रेंगाळतं, म्हणजे जिवाणूंना अगदी मनासारखं हवामान मिळतं. फ्रीजमध्ये ठेवूनही दही आंबलं, अशी जी बोंब असते तिचा उगम या सात तासांत आहे. शिवाय गरम पातेल्यांमुळे आत आधीपासून असलेलं दूध, लोणी आणि चक्कासुद्धा तापतात.

यावर तोड स्वस्तात आहे. लागलेल्या दह्याची पातेली न हलवता एका मोठ्या टबात ठेवायची, पातेल्यांच्या बाहेर पाणी भरायचं आणि त्यात बर्फ टाकायचा. बेचाळीसवरून वीसपर्यंत यायला साधारण चार-पाच किलो बर्फ लागतो, आणि काम तास-दीड तासात होतं. वीस अंशांवर बल्गारिकस आणि त्याचे सोबती सुस्तावतात, फ्रीजमध्ये आंबण्याची जी भीती होती ती ओसरते, आणि मग फ्रीजकडे उरलेले पंधरा अंशच जातात. बर्फाचा वितळलेला थेंबसुद्धा दह्यात जाऊ नये म्हणून पातेल्यांची झाकणं घट्ट हवीत.

इथे बर्फाबद्दल बोलून घेतलं पाहिजे. बाजारातली बर्फाची लादी बहुधा मासे, फळं, यंत्रं थंड करण्यासाठी बनवलेली असते आणि तिच्यासाठी वापरलेलं पाणी पिण्यायोग्य असेलच असं नाही. म्हणूनच २०१८ मध्ये महाराष्ट्रात न खाण्याच्या बर्फात खाण्याच्या निळ्या रंगाचा अंश घालून तो ओळखू येईल असा करण्याचा नियम आला. बाहेरच्या टबात तो निळा बर्फ चालतो. लस्सीच्या ग्लासात चालत नाही. तिथे पिण्याच्या पाण्याचा खाण्यायोग्य बर्फच हवा, आणि ठेवायची भांडीही वेगळी हवीत. एकाच खोक्यातून दोन्हीसाठी बर्फ काढणारं दुकान पाहिलं की तिथे लस्सी न घेतलेली बरी.

पाचच्या खाली दही पूर्ण थांबत नाही, पण वेग अगदी मंदावतो. पहिल्या रात्री त्याची चरबी कडक होते, जाळं पक्कं होतं आणि दुसऱ्या दिवशी ते जास्त घट्ट वाटतं. डीप फ्रीझरमध्ये मात्र दही ठेवू नये. गोठल्यावर जाळ्यातलं पाणी बर्फाचे कण बनतं, ते कण जाळं फाडतात, आणि वितळल्यावर वाळूसारखे तुकडे आणि पाणी हाती येतं. फ्रीजमध्ये पातेली एकमेकांना चिकटून ठेवली तरी गार हवा त्यांच्याभोवती फिरत नाही. मध्ये बोटभर अंतर लागतं. ग्रामीण भागात दुपारी वीज गेली तर? भरलेला फ्रीज बंद दाराने दोन-तीन तास पुरतो, रिकामा फारसा पुरत नाही. म्हणून मोकळ्या जागेत पाण्याच्या गोठवलेल्या बाटल्या ठेवून द्याव्यात. त्या थंडी साठवतात आणि वीज गेल्यावर ती हळूहळू सोडतात.

आता विक्रीची शिडी. ताजं दही, म्हणजे आजचं गोडसर दही, ताटातल्या वाटीत आणि लस्सीत जातं. कालचं दही ताकाला आणि मठ्ठ्याला. त्याहून आंबट झालं तर कढीला किंवा घुसळून लोण्याला. आंबटपणा हाच दह्याचं वय दाखवणारा खरा शिक्का असल्याने, दुकानदाराला तारखेपेक्षा चवीवर भरवसा ठेवता येतो. पण वय वाढलं म्हणजे खराब झालं, असं नाही आणि आंबट म्हणजे सुरक्षित, असंही नाही. वर गुलाबी किंवा काळसर ठिपके, दारूसारखा वास, झाकण फुगणं किंवा दह्यात गॅसचे बुडबुडे दिसले तर ते बुरशी, यीस्ट किंवा घाणीतल्या जिवाणूंचं लक्षण आहे, आणि असं दही कढीतही टाकू नये.

लस्सीत जवळपास सगळं श्रेय दह्याला जातं. एक किलो दह्याला सव्वाशे ते दीडशे ग्रॅम साखर, थोडं पाणी, बर्फ. साखर खडी असेल तर विरघळेपर्यंत घुसळावं लागतं आणि लस्सी फेसाळण्याऐवजी पातळ होते. म्हणून पिठीसाखर किंवा आधी करून गार केलेला पाक वापरतात. बर्फ म्हणजे अखेर पाणीच. अडीचशे मिलिलीटरच्या ग्लासात पन्नास ग्रॅम बर्फ वितळला तर लस्सी वीस टक्क्यांनी पातळ झाली. दही आधीच पाच अंशांवर असेल तर बर्फ नावापुरता लागतो. आणि दही आंबट असेल तर साखर वाढवावी लागते. दह्याला उशीर झाला की फटका साखरेच्या पोत्याला बसतो.

म्हशीच्या दह्याची लस्सी मिक्सरमध्ये करणाऱ्याला एक विचित्र अनुभव येतो. दोनेक मिनिटांनी ग्लासात पांढरे कण तरंगतात आणि पिताना ते ओठांना चिकटतात. तो बारीक लोण्याचा अंश असतो. दही दहा ते पंधरा अंशांवर असताना चरबीचे थेंब अर्धवट घट्ट, अर्धवट मऊ असतात, आणि जोराने फिरवलं की ते एकमेकांना चिकटून लोण्याचे दाणे होतात. फॅट जास्त असलं की हे लवकर घडतं. उपाय म्हणजे दही चार-पाच अंशांवर अगदी गार असू द्यायचं आणि रवीने किंवा मिक्सरने थोडकंच फिरवायचं.

हीच गोष्ट लोणी काढताना मात्र हवी असते. घरी उन्हाळ्यात रवी फिरवून हात दुखले तरी लोणी येत नाही, कारण पस्तीस अंशांच्या दह्यातली चरबी तेलासारखी पातळ असते आणि थेंब थेंब राहते. त्यात बर्फाचं पाणी घातलं, दही बारा-चौदा अंशांवर आलं, की दाणे येतात. थंडीत उलट कोमट पाण्याचा हबका लागतो. आपल्या हिशेबातलं चार लिटर जुनं दही घुसळलं तर तीनशे ग्रॅमच्या आसपास लोणी निघतं. लोणी काढून उरलेलं ताक पातळ, हलकं आणि जवळजवळ बिनचरबीचं असतं. दुसरं ताक दह्यात पाणी घालून घुसळलेलं, ते दाट. दुकानात ‘ताक’ या एकाच पाटीखाली दोन्ही विकली जातात.

ताकाचा दगाफटका पाण्यात आहे. दूध तापलेलं, दही आंबलेलं, पण नंतर ओतलेलं पाणी कच्चं. लोकांना वाटतं, आंबट आहे म्हणजे जंतू मरतील. आम्लाने वाढ रोखली जाते हे खरं, पण काही जिवाणू त्यात जगून राहतात, म्हणून पाणी उकळून गार केलेलं किंवा भरवशाच्या जारचंच हवं. मठ्ठ्यात आलं, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि जिरं येतं. कोथिंबिरीच्या मुळाशी शेतातली माती असते, त्यामुळे हे सगळं स्वच्छ धुवायचं आणि मठ्ठा देण्याच्या वेळीच घालायचं. सकाळी घालून ठेवलेला मठ्ठा दुपारपर्यंत चवीलाही उतरतो. मीठही शेवटीच, कारण जास्त मीठ घातलेलं ताक तळाला लवकर बसतं आणि वर पाणी दिसतं.

दही लागलंच नाही तर? या परिसरातल्या अनुभवी लोकांना याचं एक कारण पाठ असतं: दगडी झालेल्या गाईच्या सडात ट्यूब सोडली आणि तिचं दूध थांबवलं नाही. प्रतिजैविकाचा अंश दुधात येतो, उकळल्यानेही तो पुरता नष्ट होत नाही, आणि विरजणातल्या जिवाणूंना अगदी सूक्ष्म प्रमाणातही तो पुरतो. दुसरं कारण म्हणजे दुधात मिसळलेला सोडा किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड. कारण शोधायची साधी युक्ती अशी: दोन वाट्या घ्यायच्या, एकीत संशयाचं दूध, दुसरीत भरवशाच्या गोठ्यातलं, दोन्ही एकाच वेळी तापवून, एकाच तापमानाला एकाच विरजणाने लावायच्या. पहिली लागली नाही, दुसरी लागली, तर दोष दुधात. दोन्ही लागल्या नाहीत, तर विरजण गेलं. दह्याला तार येत असेल, म्हणजे चमचा उचलला की ते चिकट होऊन ओढलं जात असेल, तर विरजणात काही चिकट द्रव्य बनवणारे जिवाणू शिरलेत. ते खाल्ल्याने माणूस आजारी पडतोच असं नाही, पण गिऱ्हाईक परत येत नाही. अशा वेळी विरजण फेकून भांडी उकळत्या पाण्याने धुवून नव्याने सुरुवात करणं हाच मार्ग.

डिसेंबरात हेच दुकान उलट्या प्रश्नाला तोंड देतं. रात्री पारा पंधराच्या आसपास उतरतो, आणि दूध लावून झोपलं की सकाळी पातेल्यात कोमट दूधही नसतं, गार दूध असतं. तेव्हा विरजण दुप्पट, लावायचं तापमान पंचेचाळीसच्या जवळ, पातेलं थर्माकोलच्या डब्यात किंवा गोणपाटात गुंडाळून. उशिरा लागलेलं दही थोडं पातळ असलं तरी वास मात्र उन्हाळ्यापेक्षा चांगला येतो. ही त्या तीसवाल्या जिवाणूंची कमाई.

पालखी वेळापुरात येते तेव्हा आषाढाचा पाऊस कधी पडतो, कधी हुलकावणी देतो, पण मागणी एका दिवसात कित्येक पटींनी वाढते. दुधाला तोटा नसतो, मर्यादा फ्रीजची असते: रोज अठरा लिटर गार करणाऱ्या फ्रीजने शंभर लिटर गार होत नाही. अशा दिवशी थंड करायचं काम पाण्यावर ढकलता येतं. वीस अंशांवर आलेल्या एका भाग दह्यात पाच अंशांचं तीन भाग पिण्याचं पाणी मिसळलं की मिश्रण नऊ अंशांच्या आसपास येतं आणि ते गार ताक म्हणून लगेच देता येतं. पंचवीस लिटर दह्याचं शंभर लिटर ताक होतं. त्यासाठी पंच्याहत्तर लिटर पाणी आदल्या रात्री उकळून, झाकून, खाण्यायोग्य बर्फाने थंड करून ठेवलेलं लागतं. दही सकाळी तयार होण्याआधी हे पाणी तयार हवं.